कंपनीला टाळं, चार पगार बाकी: रांगेत कामगाराचा नंबर कितवा?

सायली_खेड

नमस्कार मंडळी. हा धागा माझ्या मोठ्या भावासाठी काढतेय, तो स्वतः इथे लिहीत नाही. दादा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत होता. नोकरी अकरा वर्षं सात महिने. ऑक्टोबरपासून पगार झाला नाही. "बिलं अडकलीत, पुढच्या महिन्यात एकदम देऊ" असं जानेवारीपर्यंत ऐकवलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहिल्या पाळीची माणसं गेली तर गेटला कुलूप आणि कागद चिकटवलेला: "पुढील सूचनेपर्यंत उत्पादन बंद." एचआरचा फोन बंद. कायम कामगार १४० च्या आसपास, कंत्राटी वेगळे.

आता गेल्या आठवड्यात पेपरात जाहिरात आली. बँकेच्या अर्जावरून एनसीएलटीच्या, म्हणजे कंपन्यांसाठीच्या न्यायाधिकरणाच्या, मुंबई खंडपीठाने कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली आहे, ज्यांची देणी आहेत त्यांनी अमुक तारखेपर्यंत दावे पाठवावेत, असं त्यात आहे. खाली ही प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्युशन प्रोफेशनलचं नाव, ईमेल.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज नवीन ऐकू येतं. कोणी म्हणतं बँक सगळं नेणार, कोणी म्हणतं कामगारांचा पहिला हक्क. एक गृहस्थ दावा भरायचे माणशी दोन हजार आणि मिळालेल्या रकमेत पाच टक्के मागतायत. दादाचा हुद्दा कागदावर "शिफ्ट इनचार्ज" आहे, त्याने काही फरक पडतो का? आणि कामगार आयुक्तांकडे जायचं की या मुंबईच्या माणसाकडे?

गेटमीटिंग

सायलीताई, पहिली गोष्ट, शंभराच्या वर कामगार असले तर सरकारच्या परवानगीशिवाय कारखाना बंदच करता येत नाही. ही टाळेबंदी बेकायदा आहे. बेकायदा बंद म्हणजे पगार चालूच. तेव्हा चार महिन्यांचा नाही, आजपर्यंतचा पगार मागा. दुसरं, पगाराचा अर्ज एका वर्षाच्या आत कामगार आयुक्तांकडे टाका, नाहीतर मुदत जाते. आणि तिसरं, कामगारांची देणी सगळ्यांच्या आधी, बँकेच्याही आधी. मालकाचा बाणेरचा बंगला जप्त करायला लावा. आम्ही भोसरीत दोन कारखान्यांना असंच वठणीवर आणलंय.

गेटवर पाळी लावून बसा, मशिनं हलू देऊ नका. हे सगळ्यात महत्त्वाचं.

तळटीप

मी मुंबईत एका रिझोल्युशन प्रोफेशनलच्या कार्यालयात काही वर्षं दावे तपासायचं काम केलं आहे, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते. गेटमीटिंग यांचं शेवटचं वाक्य सोळा आणे खरं. बाकीचं जुन्या हिशोबाचं आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. बंद करायला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली. १४० कामगारांच्या कारखान्याला आता परवानगी नको, साठ दिवसांची आगाऊ सूचना मात्र हवी, आणि ती इथे दिलेली दिसत नाही. पगाराच्या दाव्याची मुदत जुन्या कायद्यात एक वर्ष होती, वेतन संहितेत तीन वर्षं आहे. म्हणजे त्या बाजूने घाई नाही.

घाई दुसरीकडे आहे. एनसीएलटीने प्रक्रिया सुरू केल्याच्या दिवसापासून कंपनीविरुद्धची सगळी वसुली थांबते. बँकेची थांबते, पुरवठादाराची थांबते आणि कामगाराचीही थांबते. आयुक्तांकडे आज अर्ज केलात तरी वसुलीचा दाखला या कंपनीवर बजावता येणार नाही. आत्ता दार एकच, पेपरातल्या ईमेलवर दावा. कामगार आणि कर्मचाऱ्यांसाठी फॉर्म डी असतो. युनियनने किंवा नेमलेल्या प्रतिनिधीने सगळ्यांचा मिळून भरायचा तर फॉर्म ई. शुल्क शून्य. वकील लागतच नाही. दोन हजार आणि पाच टक्के मागणाऱ्या गृहस्थांना चहा पाजून परत पाठवा.

जाहिरातीतली मुदत साधारण चौदा दिवसांची असते. ती चुकली तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून नव्वद दिवसांपर्यंत दावा घेतला जातो, पण तिथवर ताणू नका. कारण सांगते. उद्या कोणी कंपनी विकत घेतली आणि त्यांची योजना मंजूर झाली, तर ज्या देण्यांचा त्या योजनेत उल्लेख नाही ती कायमची संपतात. घनश्याम मिश्रा प्रकरणात १३ एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. नवीन मालक हात वर करतो आणि त्याचं चूक नसतं.

सायली_खेड

धन्यवाद ताई! म्हणजे आधी फॉर्म डी. त्यात काय काय मागायचं? दादाचा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून २०,८०० होता, एकूण पगार २३,०००. रजा ४२ दिवस शिल्लक होत्या.

निखिल_श्टुटगार्ट

इथे जर्मनीत हा प्रश्न फार सरळ आहे. माझ्या आधीच्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा शेवटच्या तीन महिन्यांचा निव्वळ पगार रोजगार कार्यालयाने दिला, त्याला इन्सोल्व्हेन्त्सगेल्ड म्हणतात. दोन महिन्यांच्या आत अर्ज करायचा, बस. पैसा सगळ्या मालकांकडून गोळा केलेल्या निधीतून येतो. दादाने तिथल्या रोजगार कार्यालयात अर्ज केला का?

तळटीप

निखिल, आपल्याकडे असा निधी नाही. खरी मेख तीच आहे. तिकडे सरकार कामगाराला पैसे देतं आणि मग रांगेत स्वतः उभं राहतं. इथे रांगेत कामगारच उभा राहतो.

सायली, दादाचा हिशोब मांडू. २०,८०० भागिले २६ म्हणजे दिवसाचे ८००.

चार महिन्यांचा पगार ९२,०००. रजेचे ४२ गुणिले ८००, म्हणजे ३३,६००. ग्रॅच्युइटीत अकरा वर्षं सात महिन्यांची बारा वर्षं धरतात, कारण सहा महिन्यांच्या वर पूर्ण वर्ष. ८०० गुणिले १५ गुणिले १२, म्हणजे १,४४,०००. याखेरीज कारखाना बंद झाल्याची भरपाई, दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. ती अर्ध्या महिन्याच्या हिशोबाने ११,५०० गुणिले बारा, म्हणजे १,३८,०००. एकूण ४,०७,६००.

या चारही रकमा वेगवेगळ्या ओळींत लिहा, एकत्र ठोकळ आकडा देऊ नका. तुमच्या गेटवरच्या कागदावर "पुढील सूचनेपर्यंत बंद" आहे, "कायमचा बंद" नाही. त्यामुळे बंद-भरपाईवर प्रश्न विचारला जाईल, कदाचित ती नाकारलीही जाईल. ओळी वेगळ्या असल्या की एकीवर काट मारली तरी बाकीच्या उभ्या राहतात. आमच्याकडे "सर्व मिळून अंदाजे पाच लाख" असे दावे यायचे, ते तपासणारा माणूस पहिल्यांदा बाजूला ठेवतो. बाजूला ठेवलेला कागद काय होतो ते सरकारी कचेरीत काम केलेल्याला सांगायला नको.

पीएफ या चार लाखांत धरलेला नाही. त्याचं वेगळं बोलू.

गेटमीटिंग

संहितेचं मान्य, आम्ही जुनी माणसं. पण कामगारांची देणी सगळ्यांच्या आधी हे खोटं नाही. मिलच्या संपानंतर १९८५ ला कायदाच बदलला होता. त्याआधी गिरण्या बुडाल्या तेव्हा बँका सगळं घेऊन जायच्या.

तळटीप

१९८५ चा बदल बरोबर आठवला तुम्हाला. पण त्याने कामगाराला बँकेच्या *आधी* नाही, बँकेच्या *बरोबरीने* बसवलं. आजच्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्येही तेच आहे. कंपनी विकून मोडीत काढायची वेळ आली तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग एकाच पायरीवर कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारण सोडून देणारी बँक. त्याखालच्या पायरीवर कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचा बारा महिन्यांचा पगार. पुढे बिनतारणी कर्ज, मग सरकार, वगैरे.

बरोबरी म्हणजे काय ते एका काल्पनिक हिशोबाने बघा. समजा सगळं विकून २० कोटी आले. खर्च २ कोटी, उरले १८. कामगारांची देणी ३ कोटी, बँकेचं कर्ज २७ कोटी. एकाच पायरीवर ३० कोटी आणि हातात १८, म्हणजे रुपयाला साठ पैसे. दादाच्या चार लाखांतले या पायरीत बसणारे जे असतील त्यांवर साठ टक्के. आणि या पायरीवरच पैसे संपले, म्हणून खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्यांना शून्य.

बँक म्हणाली, आम्ही रांगेत नाही, आमची तारण जमीन आम्हीच विकतो, तरी कामगारांचा जो वाटा बसला असता तो बँकेला चुकवावा लागतो. २००० च्या दशकातल्या कहाण्या ऐकून लोक घाबरतात, पण हा नियम आता आहे.

सायली_खेड

थांबा. "कामगार नसलेले कर्मचारी" म्हणजे दादा त्यात येतो का? शिफ्ट इनचार्ज??

तळटीप

तुमच्या पहिल्या पोस्टमधला सगळ्यात कळीचा प्रश्न तोच होता. कामगार ठरला तर वरची पायरी आणि चोवीस महिने, कर्मचारी ठरला तर खालची पायरी आणि बारा महिने. आमच्या हिशोबात साठ पैसे आणि शून्य इतका तो फरक.

हुद्द्याच्या नावावर ठरत नाही, मुख्य काम काय करतो यावर ठरतं. दादा दिवसभर काय करायचा?

सायली_खेड

तीन सीएनसी मशिनं तो स्वतः लावायचा आणि चालवायचा. पाळीतल्या सहा पोरांची हजेरी लिहायचा, कोणी नाही आलं तर वरती सांगायचा. रजा मंजूर करायचा अधिकार नव्हता, कोणाला काढायचा तर नाहीच. "इनचार्ज" हे पगार न वाढवता खूश करायला दिलेलं नाव होतं असं तो म्हणतो 😅

गेटमीटिंग

हे तर सगळीकडे चालतं. आमच्याकडे चौकीदाराला "सिक्युरिटी ऑफिसर" केला होता, ओव्हरटाइम द्यावा लागू नये म्हणून.

तळटीप

मग दावा कामगार म्हणूनच करा. सोबत पुरावा कामाचा लावा: ऑपरेटर म्हणून दादाचं नाव असलेली उत्पादनाची नोंद, जॉब कार्ड, सेटिंग शीटवरची सही, आयटीआयचं प्रमाणपत्र. मोबाइलमध्ये असे फोटो बहुतेकांकडे असतात, डिलीट करू नका. पगाराची पावती, बँकेचं पासबुक, नेमणूक पत्र हे तर आहेच. पावत्या नसतील तर सप्टेंबरपर्यंत खात्यात जमा झालेला पगार पुरतो.

रिझोल्युशन प्रोफेशनल "कर्मचारी" म्हणून नोंदवू शकतो. यादी दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या, संकेतस्थळावर दिसते, ती उघडून आपलं नाव कोणत्या रकान्यात आहे ते पाहा. पटलं नाही तर एनसीएलटीपुढे अर्ज करता येतो. निकाल काय लागेल मी सांगणार नाही, देखरेख करणाऱ्यांच्या पगाराची मर्यादा जुन्या कायद्यात दहा हजार होती, नव्यात अठरा आहे, आणि कोणती लावायची यावर वकील आत्ताच भांडायला लागलेत. दादाचा पगार दोन्हीच्या वर आहे, म्हणून "मी देखरेख करतच नव्हतो, मशीन चालवत होतो" हाच त्याचा मुद्दा.

अंबरनाथ_जुना

वाचतोय कधीपासून. तळटीपताई, तुम्ही चोवीस महिने चोवीस महिने म्हणताय, पण ते *कुठून मागे* मोजायचे ते या मुलीला नीट सांगा. तिथेच आम्ही मेलो.

आमची केमिकल कंपनी, गेट बंद झालं तेव्हा पाच पगार बाकी होते. कोणीच एनसीएलटीत गेलं नाही. मालक म्हणे गिऱ्हाईक आणतो, बँक म्हणे थांबा. दीड वर्ष गेलं. मग बँक गेली, प्रक्रिया सुरू झाली. कोणी घ्यायला येईना, मुदत वाढत गेली, आणि शेवटी कंपनी मोडीत काढायचा आदेश झाला तोवर गेट बंद होऊन तीन वर्षं उलटली होती. चोवीस महिने त्या आदेशाच्या तारखेपासून मागे मोजले. त्या चोवीस महिन्यांत आम्ही कोणी कामच केलं नव्हतं! आमचे पाच पगार त्याच्याही आधीचे. सगळे खालच्या पायरीला, "इतर देणी" मध्ये. तिथपर्यंत पैसा पोचत नाही.

तळटीप

काका, हे मी आधीच लिहायला हवं होतं. बरोबर आहे. कायद्याचे शब्द आहेत "लिक्विडेशन सुरू झाल्याच्या तारखेच्या आधीचे चोवीस महिने". गेट बंद झाल्याची तारीख नाही, प्रक्रिया सुरू झाल्याची नाही. मोडीत काढायच्या आदेशाची.

दादाच्या बाबतीत बघा. पगार बाकी ऑक्टोबर २०२५ ते जानेवारी २०२६. आदेश सप्टेंबर २०२७ च्या आत झाला तर चारही पगार वरच्या पायरीवर. डिसेंबर २०२७ मध्ये झाला तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर निसटू लागतात. पुढे दर महिन्याला एकेक पगार खाली घसरतो. प्रक्रिया कागदावर ३३० दिवसांची आहे, प्रत्यक्षात किती लांबते ते सगळ्यांना माहीत आहे. तरी दादाचं नशीब एवढं बरं की बँक लगेच गेली. दीड वर्ष वाट बघत बसलेल्या कामगारांचं नुकसान एनसीएलटीत पाऊल पडायच्या आधीच झालेलं असतं.

म्हणून जिथे गेट बंद झालंय पण एनसीएलटीत कोणीच गेलेलं नाही, तिथे कामगारांनी थांबायचं कारण नाही. मार्च २०२० पासून अर्जासाठी किमान थकबाकीची मर्यादा एक कोटीची आहे, एकट्याच्या थकबाकीने ती भरत नाही. पण युनियन सगळ्या सभासदांच्या वतीने अर्ज करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ ला जे. के. ज्यूट मिलच्या प्रकरणात मान्य केलं. शंभर-सव्वाशे कामगारांची सात-आठ महिन्यांची थकबाकी धरली तर कोटी होतात.

गेटमीटिंग

आणि त्यात कामगारांचा फायदा काय? एनसीएलटीत गेलं की आपल्या हातातली वसुली बंद, वर बँक बसते धनकोंच्या समितीत आणि ठरवते. त्यापेक्षा आयुक्तांकडून दाखला घेऊन तहसीलदाराकडून जप्ती लावणं बरं. आम्ही तसंच केलंय.

तळटीप

कंपनीकडे अजून मोकळी, बँकेच्या तारणात नसलेली मालमत्ता असेल आणि दुसरं कोणी एनसीएलटीत जायची शक्यता नसेल, तर तुमचा रस्ता लवकर पोचवतो, हे मान्य. पण सगळी मालमत्ता बँकेकडे तारण असेल तर तहसीलदार जप्त करणार काय? आणि तुमची जप्ती अर्ध्यात असताना बँकेने अर्ज केला तर जप्ती तिथेच थांबते. दोन्ही रस्त्यांत जुगार आहे. आधी कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या कंपनीवर कोणकोणत्या बँकांचा बोजा नोंदलाय ते पाहून मग ठरवावं.

बंगल्याचं मात्र विसरा. कंपनीचं देणं संचालकाच्या घरातून वसूल होत नाही. अपवाद एक. पगारातून पीएफ कापला आणि भरला नाही, तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे.

उसाचं_चिपाड

नमस्कार. आमचा सहकारी साखर कारखाना तीन हंगाम बंद हाय. पगार थकलाय तीस महिन्यांचा. आमी बी ह्या फॉर्म डी भरायचा का? कुठं मिळंल?

तळटीप

दादा, सहकारी कारखान्याला ही संहिता लागू होत नाही. ती कंपन्यांना आणि एलएलपींना आहे. तुमच्याकडे कारखान्याची देणीघेणी मिटवायला सहकार कायद्याखाली अवसायक नेमला जातो, दावा त्याच्याकडे द्यायचा. नेमलाय का ते साखर आयुक्तालयात किंवा प्रादेशिक सहसंचालकांकडे विचारा. अवसायक नसेल तर पगाराचा अर्ज कामगार आयुक्तांकडे चालतो, तुमच्या वसुलीवर कोणती स्थगिती नाही. फक्त तीन वर्षांची मुदत लक्षात ठेवा, तीस महिन्यांतले पहिले पगार मुदतीबाहेर जायला आलेत.

पीएफ भरलेला नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. राज्य सहकारी बँक आणि पीएफ खातं यांच्यात नेमकं साखर कारखान्यांच्या गहाण साखरेवरूनच भांडण झालं होतं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पीएफचं देणं बँकेच्या आधी.

प्रोप्रायटरी किंवा भागीदारीतल्या वर्कशॉपलाही एनसीएलटीची ही वाट लागू नाही. भोसरी, एमआयडीसीत अर्धी युनिटं तशीच आहेत. आपल्या पगारपत्रकावर "प्रायव्हेट लिमिटेड" आहे की नुसतं "इंडस्ट्रीज" हे आधी बघायचं.

उसाचं_चिपाड

अवसायक नेमलाय म्हणं, पण तो कारखान्यावर एकदाच आला आन् गेस्ट हाऊसवर चहा पिऊन गेला. बघतो उद्या सहसंचालकाकडं.

सायली_खेड

पीएफचं बोलू म्हणाला होतात. दादाचं पासबुक काढलं. जुलैपर्यंत भरलेलं दिसतंय. ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या पगारातून कापलेला आहे, पावतीत आहे, पण पासबुकात नाही.

तळटीप

ती दोन पानं जपून ठेवा, पावती आणि पासबुक. हे सगळ्यात स्वच्छ प्रकरण आहे. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडाचा पैसा त्या वाटपाच्या रांगेत येतच नाही, तो कंपनीचा नाही असंच कायदा मानतो. म्हणून साठ पैशांचा हिशोब त्याला नाही. पीएफ कार्यालयाकडे ऑनलाइन तक्रार करा, म्हणजे ते स्वतः थकबाकी काढून कंपनीवर आपला दावा लावतील. आणि फॉर्म डीमध्येही वेगळी ओळ घाला.

ग्रॅच्युइटीचं इतकं सरळ नाही. कंपनीने एलआयसीकडे किंवा ट्रस्टमध्ये फंड ठेवला असेल तर तो रांगेबाहेर. फंडच नसेल तर? २०२० मध्ये लॅन्को इन्फ्राटेकच्या प्रकरणात अपील न्यायाधिकरण म्हणालं की फंडच नाही तर लिक्विडेटरने कुठून द्यायचं. पुढे २१ ऑक्टोबर २०२२ ला जेट एअरवेजच्या प्रकरणात त्याच न्यायाधिकरणाने योजना आणणाऱ्यांना पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यायला लावली, जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. पण कर्मचाऱ्यांच्या हातात काय आलं? योजनाच फसली आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जेट मोडीत काढायचा आदेश दिला. विमानं एप्रिल २०१९ ला थांबली होती. दादाने एचआरच्या कोणाला तरी गाठून ग्रॅच्युइटीचा एलआयसीचा पॉलिसी क्रमांक आहे का ते विचारावं.

कंत्राटी_८२

माझा प्रश्न पण घ्या. मी ह्याच पट्ट्यातल्या बंद कंपनीत ठेकेदाराकडून होतो, सहा वर्षं. कंपनीच बुडाली, ठेकेदार म्हणतो मला बिल मिळालं नाही, तुला कुठून देऊ. मी पण फॉर्म डी पाठवला, नाकारला.

तळटीप

तुमचा मालक कागदोपत्री ठेकेदार आहे, म्हणून कंपनीच्या कामगारांच्या यादीत तुम्ही बसत नाही. ठेकेदाराने बिलाचा दावा फॉर्म बी मध्ये करायचा असतो. पण ठेकेदार स्वतः दिवाळखोरीत नाही, त्याच्यावर कसलीही स्थगिती नाही. "बिल आलं की देतो" हे कायद्यात चालत नाही, पगार ही त्याची जबाबदारी आहे. त्याच्याविरुद्ध अर्ज कामगार आयुक्तांकडे करा, आजच.

कंत्राटी_८२

ठेकेदार गाव सोडून गेलाय ताई. ठेकेदाराने नाही दिलं तर मूळ कंपनीने द्यायचं असं कायद्यात आहे असं ऐकलं होतं.

तळटीप

आहे. आणि म्हणूनच मूळ कंपनीवर तुमचा दावा लागतो की नाही, लागला तर कोणत्या पायरीवर, हा वाद शिल्लक राहतो. मी असे दावे "इतर देणी" मध्ये घेतलेले पाहिलेत, सरळ फेटाळलेलेही पाहिलेत. नाकारल्याचं पत्र आहे का? त्यात कारण काय लिहिलंय?

कंत्राटी_८२

"नॉट ऑन रोल्स." बास.

अंबरनाथ_जुना

ताई, अजून एक. आमच्यातल्या काहींना रिझोल्युशन प्रोफेशनलने फोन करून प्लांटवर देखभालीला बोलावलं होतं, प्रक्रिया चालू असताना. त्यांना तेवढ्या महिन्यांचा पगार पूर्ण मिळाला. घरी बसलेल्यांनी मागितला तर नाही म्हणाले.

तळटीप

एबीजी शिपयार्डच्या निकालाचा तो परिणाम, १९ एप्रिल २०२२ चा. दहेजचं यार्ड आणि मुंबईचं मुख्य कार्यालय इथल्या २७२ जणांनी प्रक्रियेच्या काळातला पगार मागितला होता. न्यायालय म्हणालं, त्या काळात कंपनी खरोखर चालू होती आणि तुम्ही खरोखर काम केलंत हे दाखवा, तर तो पगार प्रक्रियेच्या खर्चात, म्हणजे सगळ्यात वर. नाहीतर सामान्य रांगेत. सायली, दादाला बोलावलं तर त्याने जावं, आणि रोजची हजेरी कुठेतरी लेखी राहील असं बघावं. बोलावणं ईमेलने मागावं, तोंडी नको.

गेटमीटिंग

म्हणजे गेटवर बसलेले ते बसलेलेच. आमच्या पोरांनी राखण केली म्हणून मशिनं राहिली, आणि पगार पंप चालवणाऱ्याला.

तळटीप

हो. राखण करणाऱ्यांनी रिझोल्युशन प्रोफेशनलला पहिल्याच आठवड्यात लेखी कळवावं की आम्ही राखण करतोय, सुरक्षा म्हणून आम्हाला नेमा. काही जण नेमतात, त्यांना बाहेरची एजन्सी महाग पडते.

सायली_खेड

अपडेट. काल रात्री बसून फॉर्म डी भरला, पीएफसकट पाच ओळी वेगळ्या. जॉब कार्डांचे फोटो लावले. ईमेल गेला, पोच आली. आज त्यांच्या ऑफिसातून फोन आला: रजा आणि पगार पुस्तकांशी जुळतो, बंद-भरपाईवर "कंपनी अजून बंद झाल्याचं आम्ही मानत नाही" म्हणाले, आणि शिफ्ट इनचार्जवर खुलासा मागितलाय, तीन दिवसांत. ग्रॅच्युइटीचा एलआयसी क्रमांक अकाउंट्सच्या एका मॅडमकडून मिळाला, पण त्या म्हणाल्या की २०२३ नंतर कंपनीने त्यात हप्ताच भरलेला नाही.

खुलाशाचं पत्र दादाने स्वतः लिहावं की सोबतच्या चार शिफ्ट इनचार्जांनी मिळून?

तळटीप

प्रत्येकाने आपलं. पाचही जणांचं मुख्य काम सारखं नसेल, आणि एखादा खरोखर रजा मंजूर करत असेल तर एकत्र पत्रात बाकीचेही त्याच्यासोबत खाली जातील. दादाच्या पत्रात मशीनचे क्रमांक, दिवसाचे किती तास मशीनवर, रजेच्या अर्जावर सही कोणाची असायची, एवढं आलं की पुरे. सोबत एक भरलेला रजेचा अर्ज मिळाला, ज्यावर मंजुरीची सही प्रॉडक्शन मॅनेजरची आहे, तर बघा.

फंडात जेवढं जमा आहे तेवढं रांगेबाहेर धरलं जाईल. २०२३ नंतरच्या तुटीचं काय, यावर तुमचा रिझोल्युशन प्रोफेशनल कोणता निकाल धरतो ते मलाही बघायचंय. उत्तर आलं की इथे टाका.

कंत्राटी_८२

माझ्या पत्राचं काय करू ते कोणीतरी सांगा.